कॉटवर कधी गेलात ते लिहू, की झोपलात कधी ते?

"मॅडम, 'झोपायला किती वाजता जाता' म्हणजे? कॉटवर कधी जातो ते लिहू, की झोपतो कधी ते?"

प्रश्नावली भरायला बसलेल्या एस.वाय.च्या एका मुलाने हे विचारलं, तेव्हा पोस्टर करणारी आमची विद्यार्थिनी वैतागलीच. "अरे, रोज कधी झोपतोस ते टाक ना, एवढं काय त्यात!" त्याने काहीतरी टाकलं आणि कागद परत दिला. मी शेजारीच बसले होते, मीही काही बोलले नाही. पुढे त्या कागदांची एक्सेल शीट झाली, शीटचा आलेख झाला, आलेखाचा अडीचशे शब्दांचा सारांश झाला आणि पोस्टर छापून भिंतीवर लागलं. त्या मुलाने विचारलं ते त्या पोस्टरमधलं सर्वांत शहाणपणाचं वाक्य होतं, आणि नेमकं तेच त्यात कुठे नव्हतं.

मी पदवीच्या वर्गांना संख्याशास्त्र शिकवते. 'आविष्कार'चे दिवस जवळ आले की माझ्या टेबलावर सारांशांचा ढीग पडतो. राज्यातल्या विद्यापीठांची ही संशोधन स्पर्धा २००६ पासून चालू आहे आणि तिच्यामुळे आपल्याकडच्या पोरांना 'आपणही काही शोधू शकतो' असं वाटायला लागलं, हे मी मनापासून मानते. पण दरवर्षी त्या ढिगात 'मोबाइल आणि झोप' असतंच. त्याचं कारणही सरळ आहे. नमुना वर्गातच बसलेला असतो, प्रश्नावल्या तयार मिळतात, प्रयोगशाळा लागत नाही, खर्च शून्य. शिवाय निकाल काय येणार हे परीक्षक, प्राचार्य, आईवडील अशा सगळ्यांना आधीच माहीत असतं.

असा सारांश साधारण कसा असतो? कोणा एकाचा उचलत नाही, दहा वाचून मीच एक जुळवते. 'उद्देश: महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या झोपेवर मोबाइलच्या अतिवापराचे होणारे दुष्परिणाम अभ्यासणे. पद्धत: २०० विद्यार्थ्यांकडून प्रमाणित प्रश्नावली भरून घेतली. निष्कर्ष: मोबाइलचे व्यसन आणि झोपेची खराब गुणवत्ता यांत लक्षणीय सहसंबंध आढळला. मोबाइलच्या निळ्या प्रकाशामुळे झोप बिघडते. वसतिगृहात रात्री मोबाइलवर निर्बंध असावेत.'

उद्देशातच 'दुष्परिणाम' हा शब्द आहे, म्हणजे खटला उभा राहण्याआधीच आरोपी दोषी ठरला. निळा प्रकाश तर कोणी मोजलेलाच नाही. तो पद्धतीत नव्हता, निष्कर्षात मात्र उगवला. ही दोन वाक्यं लाल पेनाने खोडता येतात आणि बहुतेक मार्गदर्शक खोडतातही. खरी गोम 'प्रमाणित प्रश्नावली' या दोन निरुपद्रवी शब्दांत आहे.

झोपेसाठी वापरली जाणारी ही प्रश्नावली बहुतेक वेळा पिट्सबर्ग स्लीप क्वालिटी इंडेक्स असते. १९८९ साली अमेरिकेत ती प्रसिद्ध झाली आणि आज जगभर वापरली जाते. भरणाऱ्याने स्वतःबद्दल उत्तरं द्यायचे १९ प्रश्न त्यात असतात, सगळे गेल्या महिन्याभराबद्दलचे. त्यांतून सात घटक निघतात: झोपेचा दर्जा, झोप लागायला लागणारा वेळ, एकूण झोप, अंथरुणातल्या वेळेपैकी प्रत्यक्ष झोपेचा वाटा, झोपमोड, झोपेच्या गोळ्या आणि दिवसा येणारा जडपणा. प्रत्येक घटकाला ० ते ३ गुण, एकूण २१. इथे गुण जितके जास्त तितकी झोप वाईट, आणि बेरीज पाचाच्या वर गेली की माणूस 'खराब झोपेचा' ठरतो.

आता वसतिगृहातला एक मुलगा घ्या. साडेदहाला मेसमधून येऊन तो कॉटवर पडतो. दुसरीकडे जाणार कुठे? खोलीत तीन कॉट, एक टेबल आणि एक खुर्ची, तिच्यावर धुतलेले कपडे. बसायचं, खायचं, वाचायचं, घरी फोन करायचा, सगळं त्या कॉटवरच. तो भिंतीला उशी लावून मोबाइल बघतो. पावणेएकला मोबाइल उशाखाली ठेवतो, एक वाजता त्याला झोप लागते. सकाळी सात वाजता उठतो. सहा तासांची सलग झोप, मध्ये जाग नाही.

प्रश्नावलीत पहिला प्रश्न आहे, साधारणपणे किती वाजता झोपायला जाता? त्याने 'कॉटवर कधी गेलो' असा अर्थ घेतला तर उत्तर साडेदहा. मग पुढचा प्रश्न, झोप लागायला किती मिनिटं लागतात? दीडशे. 'अर्ध्या तासात झोप लागत नाही' असं आठवड्यातून किती वेळा होतं? रोजच. या दोन उत्तरांवरून झोप लागण्याच्या घटकाला पूर्ण ३ गुण. अंथरुणात साडेआठ तास, त्यांतले झोपेचे सहा, म्हणजे वाटा सुमारे ७१ टक्के. त्याचे २ गुण. सहा तास झोपेचा १ गुण. बेरीज झाली ६. बाकीच्या चार घटकांत त्याला एकही गुण मिळाला नाही तरी तो 'खराब झोपेचा'.

त्याच मुलाने त्याच रात्रीबद्दल 'मोबाइल ठेवून डोळे कधी मिटले' असा अर्थ घेतला तर? झोपायला गेलो पावणेएकला. झोप लागायला १५ मिनिटं, शून्य गुण. अंथरुणात सव्वासहा तास, झोपेचे सहा, वाटा ९६ टक्के, शून्य गुण. सहा तासांचा तो १ गुण कायम. बेरीज १.

मुलगा तोच, रात्र तीच, झोप तेवढीच. पण एका वाचनात ६ गुण आणि दुसऱ्यात १. मध्ये बदललं ते फक्त 'झोपायला जाणे' या क्रियापदाचं त्याने काय केलं, एवढंच.

याहून वाईट भाग पुढे आहे. ही गफलत सगळ्यांच्या बाबतीत सारखी होत नाही. जो मुलगा टेबलाशी बसून वाचतो आणि झोप आली की आडवा होतो, त्याच्यासाठी दोन्ही अर्थ एकच. फरक पडतो तो कॉटवर मोबाइल घेऊन पडणाऱ्यालाच, आणि मोबाइल जितका जास्त वेळ तितका फरक मोठा. म्हणजे मोबाइलचा वेळ आपण दोन जागी मोजला. एकदा मोबाइलच्या प्रश्नावलीत 'वापर' म्हणून आणि एकदा झोपेच्या प्रश्नावलीत 'झोप लागत नाही' म्हणून. मग दोन्हींचा सहसंबंध काढला आणि तो लक्षणीय आला म्हणून आनंद केला. एकच माणूस दोन दारांतून आत आला आणि आपण म्हणालो, बघा, दोघे किती सारखे दिसतात!

प्रश्नावली करणाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. १९८९ साली अंथरुणात जाणं आणि झोपायचा प्रयत्न सुरू करणं यांत फारसं अंतर नसायचं. फार तर पुस्तकाची चार पानं. मोबाइलने नेमकं ते अंतर ताणलं. बेल्जियममधल्या संशोधकांनी या दोन क्षणांना वेगळी नावंच दिली आहेत, अंथरुणात जाण्याची वेळ आणि डोळे मिटण्याची वेळ, आणि मोबाइलवरच्या अभ्यासांत दोन्ही स्वतंत्र विचारा असं त्यांचं म्हणणं आहे. आपल्याला त्यासाठी बेल्जियमपर्यंत जायची गरज नव्हती. एस.वाय.च्या त्या मुलाने फुकट सांगितलं होतं.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे. सारांशाच्या पद्धतीच्या परिच्छेदात झोपेची वेळ कोणत्या शब्दांत विचारली हे लिहिलेलं नसेल, तर त्याचा निष्कर्ष पोस्टरवर लावायला हरकत नाही, पण त्यावरून वसतिगृहाचा नियम करू नये. आणि नियम होतात, म्हणून हा लेख. एका महाविद्यालयात रात्री अकरानंतर वसतिगृहाचं वाय-फाय बंद करण्याची नोटीस लागली होती. तिच्यात 'आपल्याच विद्यार्थ्यांच्या संशोधनातून दिसून आल्याप्रमाणे' असे शब्द मी वाचले आहेत. पोरांनी काय केलं? ज्यांच्याकडे डेटा पॅक होता त्यांनी तो वापरला. ज्यांच्याकडे नव्हता ते जिन्यात, वरच्या मजल्याचं सिग्नल पकडत बसले. ती नोटीस बरोबर की चूक, हा वेगळा वाद. तिला आधार म्हणून लावलेलं पोस्टर तेवढा भार पेलणारं नव्हतं.

आकडे कुठून फुगले हे तपासता येतं, आणि त्यासाठी नवीन काही शिकायला लागत नाही. एकूण गुण बाजूला ठेवायचे आणि सातही घटक सुटे करून बघायचे. मोबाइलचा संबंध फक्त 'झोप लागायला वेळ' आणि 'अंथरुणातला वाटा' या दोन घटकांशीच दिसत असेल आणि एकूण झोप किंवा दिवसा येणारा जडपणा यांच्याशी दिसत नसेल, तर बहुधा झोप बिघडलेली नाही, वेळ दोनदा मोजला गेला आहे. उलट जास्त वापरणारी मुलं कमी तास झोपत असतील आणि दिवसा पेंगत असतील, तर हाती काहीतरी खरं लागलं. हा तक्ता काढायला एक दुपार पुरते. दहांतल्या नऊ पोस्टरांवर तो नसतो. तिथे एकूण गुणांचा रंगीत पाय-चार्ट असतो.

शीट उघडलीच आहे तर आणखी एक गोष्ट बघून घ्यावी. फॉर्मवर 'किती वाजता झोपता' याचं उत्तर पोरं '१२:००' किंवा '१२:३०' असं टाकतात. एक्सेल ते दुपारचे बारा, साडेबारा समजतं. काही जण 'रात्री ११' लिहितात, काही '२३:००'. उठण्याच्या वेळेतून झोपण्याची वेळ वजा केली की मध्यरात्र ओलांडणाऱ्यांचे तास उणे येतात आणि रकान्यात नुसत्या ##### च्या ओळी दिसतात. मग घाईत कोणीतरी त्या ओळी उडवून टाकतं. उडतात कोण? कधी मध्यरात्रीआधी झोपणारे, कधी नंतर झोपणारे, वजाबाकी कशी केली त्यावर अवलंबून. सारांशात मात्र 'अपूर्ण प्रतिसाद वगळले' एवढंच येतं. अंथरुणातल्या वेळेपेक्षा झोपेचे तास जास्त, म्हणजे वाटा शंभर टक्क्यांच्या वर, अशा नोंदीही मी पाहिल्या आहेत आणि त्या तशाच सरासरीत मिसळलेल्याही.

मोबाइलच्या बाजूचं माप तर याहून डळमळीत. 'दिवसाला किती तास मोबाइल वापरता' याला पोरं अंदाजाने उत्तर देतात. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणात लोकांनी स्वतः सांगितलेला वापर आणि यंत्राने नोंदवलेला वापर यांतला सहसंबंध सुमारे ०.३८ निघाला; दोन्ही तंतोतंत जुळले असते तर तो १ आला असता. संबंध आहे, पण अंदाजाला मोजमाप म्हणावं इतका नाही. फोनच्या सेटिंगमध्ये आठवड्याचा वापर दिसतो, तो उघडून आकडा उतरवायला सांगणं अवघड नाही. आणि 'मोबाइलचे व्यसन' हा शब्द ज्या दहा प्रश्नांच्या प्रश्नावलीतून येतो ती २०१३ साली दक्षिण कोरियात शाळकरी मुलांवर बेतलेली आहे. तिची मर्यादा मुलांसाठी ३१ आणि मुलींसाठी ३३ गुण. तीच रेघ सांगली-लातूरच्या बी.एस्सी.च्या पोरांवर ओढून 'व्यसनी' असा शिक्का मारताना थोडं तरी अडखळायला हवं.

यावर माझे सहकारी म्हणतात, "अहो, पण मोबाइलने झोप बिघडते हे प्रयोगांनी सिद्ध झालंय ना? मग पोरांच्या सारांशात चार चुका असल्या तर काय बिघडलं? दिशा तर बरोबर आहे."

प्रयोग झालेत, हे खरं. २०१५ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग सगळेच पुढे करतात. त्यात १२ जणांना प्रयोगशाळेत ठेवलं होतं. झोपण्याआधी चार तास, पाच रात्री प्रकाश फेकणाऱ्या पडद्यावर वाचन आणि पाच रात्री छापील पुस्तकावर, खोलीत मंद उजेड. पडद्यावर वाचलेल्या रात्री झोपेची चाहूल देणारं मेलाटोनिन हे संप्रेरक दबलं, शरीराचं घड्याळ मागे पडलं आणि झोप लागायला वेळ जास्त लागला. किती जास्त? सरासरी सुमारे दहा मिनिटं. चार तास, पूर्ण उजेडाचा मोठा पडदा, आणि दहा मिनिटं. आपल्या कॉटवरच्या मुलाचे सव्वादोन तास गेले ते प्रकाशाने नाही, तो बघत बसला म्हणून. दोन्ही कारणांवरचे उपाय वेगळे आहेत. प्रकाश दोषी असेल तर पडदा पिवळा केला की काम भागतं. बघत बसणं दोषी असेल तर पिवळ्या पडद्यावरही एक वाजतोच. सारांशात 'निळ्या प्रकाशामुळे' असं ठोकून दिलं की हा फरकच पुसला जातो. म्हणून 'दिशा बरोबर आहे' हे मला पुरत नाही.

उलट दिशाही शक्य आहे. झोप येत नाही म्हणून मोबाइल हातात घेणारी पोरं मला माहीत आहेत. शेजारच्या कॉटवरचा घोरतो, डास चावतात, उद्या सबमिशन आहे, घरून पैशांचा फोन आला आहे. पिट्सबर्गच्या प्रश्नावलीत झोपमोडीची कारणं एकेक करून विचारली आहेत: फार थंडी, फार उकाडा, खोकला, वाईट स्वप्नं, दुखणं. डास त्यांत नाहीत. ते 'इतर कारणे' या रिकाम्या ओळीत लिहायचे असतात आणि पोस्टर करणारे ती ओळ मोजतच नाहीत. एकदाच, एकाच वेळी भरून घेतलेल्या प्रश्नावलीतून मोबाइल आधी की जाग आधी हे कळायला मार्ग नाही. त्यात फॉर्मची लिंक वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलेली. एकदा मी सहज प्रतिसादांच्या वेळा बघितल्या. बरेचसे रात्री अकरानंतर आलेले. जे लवकर मोबाइल ठेवून झोपले त्यांना लिंक दिसेपर्यंत 'प्रतिसाद पुरेसे झाले, धन्यवाद' असा निरोप आला होता.

झोपेची दुसरी कड म्हणजे उठण्याची वेळ. ती पोस्टरांत नोंदली जाते, पण तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. सकाळच्या सत्रात सात-सव्वासातला पहिलं लेक्चर असतं. तालुक्याच्या गावाहून एसटीने येणारी मुलगी पाचला उठते. ती अकराला झोपली तरी सहाच तास होतात, मोबाइल असो वा नसो. या मुलीला आणि सातला उठणाऱ्या वसतिगृहातल्या मुलाला एकाच सरासरीत घातलं तर त्या सरासरीचा अर्थ काय लावायचा? लहान मुलांच्या बाबतीत राज्याने घड्याळाचा विचार केला आहे. तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांच्या झोपेचा मुद्दा काढल्यानंतर, फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं शासनाने सांगितलं. कॉलेजच्या वेळापत्रकाला मात्र कोणी हात लावत नाही. तिथे पोस्टर मोबाइलकडे बोट दाखवतं आणि सगळ्यांची सोय होते. मोबाइल पोरांचा असतो, वेळापत्रक आमचं.

दुसरा आक्षेप जास्त मायेचा आहे. पोरं शिकतायत, त्यांच्या पहिल्यावहिल्या कामाला इतकी चाळणी लावू नका. मला हे पटत नाही, कारण चाळणी पोरांना नकोशी असते असं मला कधी दिसलं नाही. मार्गदर्शकांना ती नकोशी असते. तिच्यामुळे 'लक्षणीय' हा शब्द जाण्याची भीती असते आणि त्याच्याबरोबर बक्षीसही. सारांश तपासताना परीक्षक 'निष्कर्ष काय' असं विचारतात. 'हा प्रश्न कोणत्या शब्दांत विचारला' असं विचारणारे मी फार थोडे पाहिले. गेल्या काही वर्षांत परीक्षक म्हणून बसले की मी आधी तेच विचारते. बहुतेक वेळा समोरचा विद्यार्थी मागे वळून आपल्या सरांकडे बघतो.

आमच्या त्या विद्यार्थिनीला मी दुसऱ्या वर्षी तेच काम पुन्हा करायला लावलं. ती आधी रुसली, मग बसली. तिने नवा उद्देश लिहिला: 'रात्री अंथरुणात मोबाइल वापरण्याचा वेळ आणि झोपेचे तास यांत संबंध आहे का हे पाहणे.' 'दुष्परिणाम' गेला. पद्धतीत तिने दोन वेळा वेगळ्या विचारल्या, कॉटवर किती वाजता जाता आणि मोबाइल ठेवून डोळे किती वाजता मिटता, आणि सारांशात ते शब्द जसेच्या तसे दिले. फॉर्म ग्रुपवर टाकायचा नाही, वर्गात कागदावर भरून घ्यायचा, असं तिनेच ठरवलं. वेळेपुढे 'रात्री' आणि 'पहाटे' असे दोन चौकोन छापले. मोबाइलचा आकडा सेटिंग उघडून घेतला. वसतिगृहातली आणि जाऊन-येऊन करणारी मुलं वेगळी ठेवली, पहिल्या लेक्चरची वेळ नोंदवली, आणि परीक्षेचा महिना टाळला.

सारांशाच्या निष्कर्षात तिने गुण दोन्ही पद्धतींनी काढून शेजारी-शेजारी मांडले: कॉटवर गेल्याची वेळ धरली तर 'खराब झोप' किती जणांची, डोळे मिटल्याची वेळ धरली तर किती जणांची. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा बराच लहान होता. झोपेच्या तासांशी मोबाइलचा संबंध उरला, पण पहिल्या वर्षी दिसला होता त्याहून फिका. जाऊन-येऊन करणाऱ्या मुलींमध्ये तर उठण्याच्या वेळेपुढे तो दिसेनासाच झाला. शेवटच्या वाक्यात 'जनजागृतीची गरज' नव्हती. 'एकाच वेळी केलेल्या पाहणीतून कारण ठरवता येत नाही' असं होतं.

त्या पोस्टरला बक्षीस मिळालं नाही. परीक्षकांपैकी एकांनी तिला विचारलं, "मग बेटा, मोबाइल वाईट की नाही, ते एका वाक्यात सांग ना."

ती म्हणाली, "सर, तुम्ही आधी सांगा, तुम्ही काल कॉटवर किती वाजता गेलात आणि झोपलात किती वाजता?"